‘अर्ज जरा व्यवस्थित करून द्या’ : दोष नेमका कोठे आहे?

आपल्या वसतिगृहांतून बाहेर पडलेल्या आणि आता नोकरीत स्थिरावलेल्या मंडळींकडे गावाकडची मुले अर्जाचा कच्चा मसुदा घेऊन येतात आणि म्हणतात, “हा जरा व्यवस्थित, कार्यालयीन भाषेत करून द्या.” ही विनंती संदिग्ध आहे. अर्ज वाचताना काहीतरी खटकते, एवढेच तीत सांगितलेले असते. खटकते ते शब्दांमुळे, सुरामुळे की रचनेमुळे, हे आधी ठरवावे लागते, कारण तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

एक प्रातिनिधिक मसुदा घेऊ. अनुसूचित जातीचा एक विद्यार्थी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीबाबत प्राचार्यांना लिहितो :

“मी अत्यंत गरीब कुटुंबातील असून माझे वडील मोलमजुरी करतात. मी महाडीबीटीवर फॉर्म भरला आहे. दोनदा ऑफिसात आलो, पण कोणी लक्ष दिले नाही. आमच्यासारख्यांनी शिकायचेच नाही का? तरी माझ्या फॉर्मचे काहीतरी बघावे.”

सुधारणारा बहुधा शब्दांना हात घालतो. ‘फॉर्म भरला’चे ‘अर्ज सादर केला’ होते, ‘काहीतरी बघावे’चे ‘सदरहू प्रकरणी उचित कार्यवाही करण्यात यावी’ होते. अर्ज भारदस्त दिसू लागतो. परंतु ‘उचित कार्यवाही’ म्हणजे काय, हे ‘काहीतरी बघावे’ इतकेच अंधारात राहते. शब्द बदलूनही प्रश्न तसाच उरला, तर दोष शब्दांत नव्हता हे उघड आहे.

म्हणून पहिली कसोटी रचनेची. प्रकरण ठाऊक नसलेल्या माणसाला अर्ज एकदा वाचावयास द्यावा, मग कागद झाकून विचारावे : कोणी, काय, केव्हापर्यंत करावयाचे आहे? वरील अर्ज वाचणारा ‘मुलगा गरीब आहे’ एवढेच सांगेल. महाडीबीटीवरील अर्ज प्रथम महाविद्यालयाच्या स्तरावर तपासला जातो आणि तेथून समाज कल्याणच्या सहायक आयुक्तांकडे जातो. या विद्यार्थ्याचा अर्ज पहिल्याच पायरीवर थांबला आहे. हीच मुख्य गोष्ट मसुद्यात नाही! तेव्हा ती विषयाच्या ओळीतच यावी : ‘महाविद्यालय स्तरावर प्रलंबित शिष्यवृत्ती अर्जाची पडताळणी करून तो पुढे पाठविण्याबाबत.’ त्याखाली अर्ज क्रमांक, भरल्याची तारीख आणि सद्यःस्थिती. गरिबीचे वर्णन येथे लागत नाही. उत्पन्नाचा दाखला अर्जासोबत जोडलेलाच आहे.

दुसरी कसोटी सुराची. घडलेल्या घटनेऐवजी समोरच्याच्या मनाविषयी बोलणारी वाक्ये अधोरेखित करावीत. ‘कोणी लक्ष दिले नाही’ हा आरोप आहे. तो नाकारता येतो आणि मग चर्चा अर्ज सोडून त्या आरोपावरच होते. त्याऐवजी ‘दि. ४ व १९ सप्टेंबर रोजी कार्यालयात चौकशी केली. दोन्ही वेळी पडताळणी झालेली नसल्याचे सांगण्यात आले’ असे लिहिले, तर तक्रार सौम्य होत नाही, उलट पक्की होते. ‘शिकायचेच नाही का?’ हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे, सभेत तो जरूर विचारावा. अर्जावर मात्र अधिकाऱ्याला त्याचे उत्तर देता येत नाही. सूर दुसऱ्या टोकालाही बिघडतो. ‘आपला आजन्म ऋणी राहीन’ अशी वाक्ये आपल्या मुलांच्या अर्जांत अजून आढळतात, याचे वाईट वाटते. शिष्यवृत्ती हा हक्क आहे. तेथे ‘कृपया’ एकदा पुरे.

शब्द शेवटी पाहावेत, कारण जी वाक्ये गळणारच आहेत त्यांची शुद्धी करण्यात वेळ जातो. ‘सदरहू’, ‘उपरोक्त’ काढून पाहावेत. अर्थ उणा होत नसेल तर ते परत आणू नयेत. मात्र ‘प्रलंबित’, ‘पडताळणी’, ‘लॉगिन’ हे शब्द राहू द्यावेत. लिपिक रोज त्याच शब्दांनी काम करतो, आणि ‘लॉगिन’ला संस्कृत प्रतिशब्द शोधला तर तोच गोंधळेल.

कित्येकदा मसुदा दुसऱ्याने नापसंत केलेला असतो आणि कारण सांगितलेले नसते. अशा वेळी ‘प्रथम कोठे अडखळलात, त्या ओळीवर बोट ठेवा’ असे सांगावे. बोट एका शब्दावर थांबले तर प्रश्न बहुधा शब्दाचा. ‘असे लिहू नये’ म्हणून सबंध वाक्य दाखविले तर सुराचा. बोट वर-खाली फिरत राहिले तर रचनेचा. ही खूण नेहमीच अचूक ठरत नाही. बिघडलेली रचना पुष्कळदा प्रथम सुरासारखी बोचते, कारण मागणी न सापडल्याने वाचणारा चिडलेला असतो. म्हणून रचना दुरुस्त झाल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारावा.

आपल्या विद्यार्थ्याच्या अर्जाचा गाभा आता एवढाच उरतो : “माझा अर्ज महाविद्यालय स्तरावर प्रलंबित आहे. दि. ४ व १९ सप्टेंबर रोजी चौकशी केली असता पडताळणी झालेली नसल्याचे समजले. कृपया पडताळणी करून अर्ज मुदतीपूर्वी पुढे पाठवावा. त्रुटी असल्यास लेखी कळवावी.” सोबत अर्जाच्या पोचपावतीची प्रत जोडावी, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेऊन ती जपून ठेवावी. पुढचे पत्र लिहावे लागले, तर त्याच्या ‘संदर्भ’ या ओळीत तोच क्रमांक येईल.