वाचकांचे प्रश्न : भिशीचा नंबर आधी घ्यावा का?

प्रश्न : आमच्या चाळीत बारा घरांची भिशी आहे, महिना 5,000 रुपये. पहिल्याच दिवशी स्टीलच्या डब्यातून चिठ्ठ्या काढून सगळ्यांचे नंबर ठरले, माझा दहावा. आता तिसरा महिना आहे आणि सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला 35,000 लागतील. हा महिना शेजारच्या वहिनींचा. त्या म्हणाल्या, ‘‘माझा नंबर घ्या, वर 3,000 द्या.’’ हे कानावर जाताच वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, ‘‘मग यापुढे बोलीच लावू या की.’’ काय करू? पाटल्याही गहाण टाकता येतील.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : वहिनींचा भाव अवाजवी नाही. आज हातात 57,000 पडतील आणि बदल्यात दहाव्या महिन्याचे 60,000 सोडावे लागतील. सात महिन्यांच्या या सवलतीचं व्याज वर्षाला साधारण नऊ टक्के पडतं. पण तुम्हाला लागणार आहेत 35,000. उरलेले 22,000 घरात आले की कुठे जातात, हे तुम्ही जाणताच. तेव्हा 3,000 हे खरं तर 35,000 वरचं व्याज धरा. ते वर्षाला पंधरा टक्क्यांच्या जवळ जातं. पाटल्यांवर शेकडा महिना एक रुपयाने कर्ज मिळालं, तर सात महिन्यांचं व्याज 2,450 होईल.

त्यापेक्षा नंबर वाटून घ्या. या महिन्यातले 35,000 तुम्ही उचला, 25,000 वहिनींना जाऊ देत. दहाव्या महिन्यात उलट. त्यांच्याच भावाने 35,000 चे 1,750 रुपये होतात. पाटल्या कपाटातच राहतील.

काकांना मात्र थांबवा. प्रत्येकाला पाळीपाळीने पूर्ण रक्कम मिळते आणि उचललेल्यालाही पुढचे हप्ते भरावे लागतात, अशा भिशीला 1982 च्या चिट फंड कायद्यात ‘चिट’ म्हणत नाहीत. बोली लागली, घेणाऱ्याने काही रक्कम सोडली आणि ती बाकीच्यांत वाटली गेली, की ती चिट होते. मग राज्य सरकारची पूर्वपरवानगी आणि नोंदणी लागते. चाळीच्या ओट्यावर बसून ते कोण करणार? तुमची आणि वहिनींची अदलाबदल ही दोघींमधली गोष्ट आहे. ती दर महिन्याचा लिलाव होऊ देऊ नका.

एक अवघड गोष्ट आधीच बोलून घ्या. सातव्या-आठव्या महिन्यात कुणी हप्ते थकवले आणि भिशी मोडली, तर वहिनींचे 35,000 कोण देणार? माझ्या मते तुम्ही. कारण तुम्ही ते आधीच वापरलेले असतील. तुमचे उरलेले हप्ते मग थेट त्यांच्याकडे वळवायचे, आणि कमी पडेल तेवढी भर तुम्ही घालायची. भिशीच्या वहीत, जिथे तिसऱ्या महिन्याची नोंद आहे तिथेच, हे दोन ओळींत लिहा आणि दोघींनी सह्या करा.