गुऱ्हाळाच्या मोटारीचा महिन्याचा करार

खुटबाव, यवत, केडगाव या पट्ट्यात मोटार भरणाऱ्याला गिऱ्हाइकाची वाण नाही. पण गुऱ्हाळाची मोटार जळली की लोक येतात, भरून नेतात आणि पुढची जळेपर्यंत तोंड दाखवत नाहीत. मला महिन्याचं ठरीव काम हवं होतं. ते मिळालं, पण आधी करार कसा करू नये हे शिकून.

एका गुऱ्हाळाची चरकाची पंचवीस एचपीची मोटार आली. खोलल्यावर एकाच फेजच्या कॉइल काळ्या, बाकीच्या दोन फेजच्या जशाच्या तशा. डेल्टात चालणाऱ्या मोटारीत असा डाग दिसला की बाहेरची एक फेज गेली होती, हे ओळखावं. आता प्रश्न असा, की ओव्हरलोड रिलेने मोटार बंद का केली नाही? स्टार्टर उघडला. पाटीवर करंट होता पस्तीस अँपिअर आणि रिलेही पस्तीसवरच लावलेला. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले डेल्टाच्या आत बसवलेला असेल, तर त्यातून लाइनच्या करंटचा सुमारे ५८ टक्केच जातो. म्हणजे तो विसाच्या आसपास हवा होता. पस्तीसवर ठेवल्याने तो वेळेत सुटलाच नाही.

मी मालकांना वर्कशॉपवर बोलावून ती काळी कॉइल आणि रिलेची चकती दाखवली. महिन्याच्या कामाची गोष्ट काढायची वेळ हीच. मोटार बसवून बिल घेतल्यावर चार दिवसांनी गेलात, तर समोरच्याला फक्त पैशाचं बोलणं ऐकू येतं. कारण डोळ्यांसमोर असताना मालक स्वतःच म्हणाले, "मिस्त्री, मग हे दर महिन्याला बघत जा की."

करार तोंडी झाला, "सगळं बघायचं" एवढाच. त्या "सगळं"मध्ये पुढे घरचा पाण्याचा पंप आला, विहिरीवरची मोटार आली, पाहुण्यांची पिठाची गिरणी आली. फेज नसताना कुणीतरी जुगाड करून चरक चालवला आणि मोटार पुन्हा जळली, तेव्हा ती फुकट भरून मागितली. तांब्याच्या तारेचे पैसे माझ्या खिशातून गेले आणि पुढच्या महिन्यापासून करारही संपला.

आता मी एका पानावर लिहून घेतो, आणि तुम्हीही तसंच करा. कोणत्या मोटारी, त्या पाटीवरच्या नंबरसकट. महिन्यातून दोन फेऱ्या. त्यात काय, तर तिन्ही फेजचा करंट टाँग टेस्टरने घेणं, मेगर लावणं, बेअरिंगचा आवाज व ग्रीस, पट्ट्यांचा ताण, कॉन्टॅक्टरचे पॉइंट आणि पंख्याच्या जाळीत साचलेला चिपाडाचा भुसा काढणं. अडचणीची एक हाक त्यातच, दुसऱ्या हाकेचे पैसे वेगळे. बेअरिंग, पट्टे, तार आणि मोटार भरणं यांचं बिल वेगळं. रिलेला मी सोडून कुणी हात लावला, तर जबाबदारी त्याची. ही शेवटची ओळ कुणाला खटकते, पण ती सोडू नका. त्या ओळीनेच जुगाड थांबतो.

दर अंदाजाने सांगू नका. माझा हिशेब असा: अर्ध्या दिवसाचे ८०० धरून दोन फेऱ्यांचे १६००, एका हाकेचे ७००, पेट्रोल व ग्रीसचे ३००. हे झाले २६००. पैसे उशिरा येतात म्हणून २०० वर धरून २८०० ठरवले. प्रत्येक फेरीला साधारण किती वेळ लागतो ते पहिले दोन महिने लिहून ठेवा. अर्धा दिवस पुरत नसेल तर तिसऱ्या महिन्यापासूनच दर बदला. वर्षभर तोटा सोसून मग भांडू नका.

पावसात गुऱ्हाळ बंद राहिलं तर मालक साहजिकच म्हणतात, या महिन्याचे पैसे कशाचे? मी तेव्हा निम्मा दर घेऊन एकच फेरी करतो, कारण बंद मोटारीला दमट हवा जास्त खाते. चालू असताना पन्नास मेगओहम दाखवणारी मोटार बंद राहिल्यावर दोनच्याही खाली आलेली मी पाहिली आहे. ती तशीच चालू केली असती तर वायंडिंग गेलं असतं. आत बल्ब लावून वाळवली, आकडा वर आल्यावरच चरक जोडला.

आणि वही. काहीच बिघडत नाही तेव्हा काम दिसत नाही, त्यामुळे प्रत्येक फेरीचे आकडे मालकाच्या कपाटात ठेवलेल्या वहीत लिहितो आणि खाली त्यांची सही घेतो. एका वहीत आर फेजचा करंट दोन फेऱ्यांत चार अँपिअरने वाढलेला दिसला. शोधलं तर कॉन्टॅक्टरचा एक पॉइंट काळा पडून घट्ट बसत नव्हता, त्यामुळे फेज असमान झाल्या होत्या. पॉइंट बदलला, आकडा जागेवर आला. पैसे मात्र महिन्याच्या पाच तारखेला, फेरीच्या आधी. दोन महिने थकले की फेरी बंद, हेही त्याच पानावर लिहिलेलं असतं.