हिंदमाताच्या कापडबाजारातून पाहिलेला डॉलर

बँकेच्या परकीय चलन विभागात नोकरी आणि घर हिंदमाताला, त्यामुळे रुपया घसरला की बाजारातले ओळखीचे व्यापारी वाटेतच गाठायचे. लेस, टिकल्या, भरतकामाच्या मशीनचे भाग चीनहून मागवणाऱ्यांची बिलं डॉलरमध्ये असतात. २०१३ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात जे पाहिलं, त्यावरून या चार गोष्टी सांगतो.

१. डॉलरचा भाव मिनिटाला हलतो, साडीचा हलत नाही.

२२ मे २०१३ ला अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष बर्नान्की यांनी रोखेखरेदी हळूहळू कमी करण्याचे संकेत दिले. तेव्हा डॉलर साडेपंचावन्नच्या आसपास होता. २८ ऑगस्टला तो ६८.८० वर गेला. या तीन महिन्यांत बाजारातल्या साड्यांच्या खोक्यांवरच्या चिठ्ठ्या मात्र जवळपास त्याच होत्या. जुना माल जुन्या भावाचा, कारागिरांची मजुरी ठरलेली, गिऱ्हाईक दिवाळीपर्यंत वाढ ऐकून घेणार नाही. मालाच्या किमती, पगार, भाडी अशी जागेवर बसून राहतात, तेव्हा बातमीचा सगळा भार एकट्या विनिमय दरावर पडतो.

२. रुपया जास्त पडतो त्यामागे घबराटीइतकाच हिशेबही असतो.

हा हिशेब रुडिगर डॉर्नबुश या अर्थतज्ज्ञाने १९७६ मध्ये मांडला. अमेरिकेचं दहा वर्षांच्या रोख्याचं व्याज २०१३ मध्ये मे ते सप्टेंबरच्या दरम्यान दोन टक्क्यांवरून तीनच्या जवळ गेलं. समजा आपलं व्याज होतं तिथेच राहिलं. मग परदेशी गुंतवणूकदाराने पैसा भारतात का ठेवावा? एकाच अटीवर : रुपया इथून पुढे वर्षाला टक्काभर सावरेल, निदान नेहमीपेक्षा तेवढा कमी घसरेल, अशी त्याला खात्री हवी. आणि सावरायला वाव हवा असेल तर रुपया आजच त्याच्या शेवटच्या मुक्कामाच्या खाली गेलेला असला पाहिजे. दरवर्षी एक टक्का, दहा वर्षं, म्हणजे ढोबळमानाने दहा टक्के खाली. बाजार हे अंतर एकदम कापतो आणि मग हळूहळू परत चालतो.

पावसात हिंदमाताला तुंबणाऱ्या पाण्याची उपमा इथे हमखास दिली जाते. मला ती अर्धीच पटते. पाणी ओसरतं ते उपसल्यामुळे. रुपया मात्र परत चढणार म्हणूनच आधी जास्त पडलेला असतो.

प्रत्यक्षात रुपयाने जवळजवळ वीस टक्के किंमत गमावली. उरलेलं ओझं आपल्या घरचं होतं. २०१२-१३ मध्ये चालू खात्यावरची तूट सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ४.८ टक्के झाली होती, आणि ती भरायला बाहेरचाच पैसा लागत होता.

३. तळ पहिल्याच दिवशी येत नाही.

डॉर्नबुशच्या गणितात उडी एका क्षणात होते. खऱ्या बाजारात ती आठवडे-महिने लांबते, हे नंतरच्या संशोधकांनीही दाखवलं. म्हणून जूनमध्ये "आता काय पडायचं राहिलंय" म्हणत बिलं उघडी ठेवणारे ऑगस्टमध्ये घायकुतीला आले. वळण आलं ते रिझर्व्ह बँकेने तेल कंपन्यांना थेट डॉलर द्यायचं जाहीर केल्यावर. दुसऱ्या दिवशी, दहीहंडीला, रुपया एका दिवसात सव्वादोन रुपयांनी सावरला. ४ सप्टेंबरला रघुराम राजन गव्हर्नर झाले, अनिवासी भारतीयांच्या ठेवींसाठी सवलतीची सोय आली, १८ तारखेला फेडने रोखेखरेदी तूर्त कमी न करण्याचं ठरवलं आणि ऑक्टोबरात डॉलर ६१-६२ वर आला. ही परतीची वाट गणितापेक्षा फार लवकर कापली गेली. त्यात रिझर्व्ह बँकेचा धक्का होता, हे विसरू नये.

४. घाईची किंमत आधी रुपयांत मांडून पाहावी.

वीस हजार डॉलरचं बिल घ्या. मे महिन्याच्या साडेपंचावन्नच्या भावाने ते ११ लाख १० हजारांचं. २८ ऑगस्टला, धीर सुटून, सगळं एकदम घेतलं तर १३ लाख ७६ हजार. ऑक्टोबरात ६२ च्या भावाने १२ लाख ४० हजार. घबराटीची फी १ लाख ३६ हजार! पण तळ कुठला हे त्या दिवशी कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून नुसतं थांबून राहणं हाही सट्टाच. मी शेठना सांगायचो, बिल तीन हप्त्यांत झाका : एक भाग आज फॉरवर्डने, एक महिन्याने, एक मुदतीला. आणि फॉरवर्डचा प्रीमियम विचारून घ्या, कारण व्याज वाढवून रुपया सावरला जातो तेव्हा तोही महागतो.

रुपया परत येईल म्हणणाऱ्यांना मी एकच विचारायचो : परत म्हणजे कुठे? जुन्या भावावर येण्याचं वचन कुठल्याच सिद्धांतात नाही. नवा मुक्काम वेगळा असतो. २०१४ च्या मे महिन्यात निवडणुकीच्या निकालानंतर डॉलर ५८-५९ पर्यंत उतरला. पंचावन्नचा डॉलर त्यानंतर कोणी पाहिलेला नाही.