छायाचित्रातील पोपट कसा वाचावा

रत्नागिरीच्या परिसरात आंबा-नारळाच्या बागांतून पोपटांचे थवे कलकलाट करीत जाताना आपण नेहमी पाहतो. त्यांतील सर्वांत परिचित म्हणजे गळ्याभोवती कंठी असलेला हिरवा पोपट. हा पक्षी बाळगण्यास 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने बंदी केली आहे. तरीही एखाद्या पडवीतील पिंजऱ्यात तो अजून आढळतो. असा पक्षी सुटून आला, सापडला किंवा मालकाने सोपविला, म्हणजे त्याचे पहिले दर्शन जाणकाराला बहुधा एखाद्या छायाचित्रातूनच घडते. 'ह्याची पिसे का गेली? ह्याला सोडून द्यावे काय?' असे प्रश्न त्या चित्रासोबत येतात. पिसे झडलेला पक्षी दिसताच 'खरूज झाली' असे म्हणून कोणी त्याला भुकटी चोळतो, तर कोणी दयेने पिंजऱ्याचे दार उघडतो. ह्या दोन्ही गोष्टी त्या जीवाच्या जिवावर बेतू शकतात. म्हणून चित्रातून नेमके काय कळते आणि काय कळत नाही, हे क्रमाने पाहू.

प्रथम चित्राचीच परीक्षा करावी. पक्ष्याच्या तोंडाशी कॅमेरा नेऊन घेतलेल्या चित्रात जवळची चोच फुगून मोठी दिसते आणि मागचे अंग आक्रसते. पिवळ्या दिव्याखाली हिरवी पिसे पिवळसर भासतात. भिजलेल्या पक्ष्याची पिसे चिकटून मधली कातडी उघडी पडते, तर थंडीने अंग फुलविलेल्या पक्ष्याचे उघडे पट्टे झाकले जातात. म्हणून चित्र दिवसाच्या सावलीतील उजेडात, सुमारे एक मीटर अंतरावरून आणि कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्यांच्या उंचीवर धरून घ्यावे. शेजारी पांढरा कागद ठेवावा; कागद चित्रात पांढराच दिसला, तर पिसांच्या रंगावर विश्वास ठेवता येतो. दोन्ही बाजू, समोर आणि पाठ अशी चार चित्रे असावीत. मात्र चित्रासाठी पक्ष्याला हाताने धरून पंख ताणू नयेत. आजारी पक्षी त्या धसक्यानेही दगावतो.

चित्र विश्वसनीय ठरले, की पहिला प्रश्न विचारावा : पिसे कोठे नाहीत? ह्या प्रश्नाच्या उत्तरात एक सुंदर किल्ली दडलेली आहे. पोपटाची चोच त्याच्या छातीला, पोटाला, पाठीला, मांड्यांना आणि पंखांना पोचते. परंतु स्वतःच्या डोक्याला ती कधीच पोचत नाही. तेव्हा छाती उघडी आणि डोके मात्र मखमलीसारखे भरलेले असेल, तर पक्षी आपली पिसे आपणच उपटत आहे, असा तर्क बळावतो. उलट डोक्यावरचीही पिसे गेली असतील, तर ते काम त्याच्या चोचीचे नव्हे. मग पिंजऱ्यातील जोडीदार त्याला टोचत असेल, किंवा रोगाने पिसे नीट उगवत नसतील. एक अपवाद ध्यानात ठेवावा : गजांवर डोके घासणाऱ्या पक्ष्याच्या कपाळावर, चोचीच्या वर, लहानसा उघडा डाग पडतो.

दुसरा प्रश्न असा : उरलेली पिसे कशी आहेत? पोपट दरवर्षी जुनी पिसे टाकून नवी धारण करतो. ही नैसर्गिक झड हळूहळू होते आणि दोन्ही पंखांत साधारण सारखी असते. तिच्यामुळे पक्षी उघडा पडत नाही. नवे पीस प्रथम पांढुरक्या आवरणात गुंडाळलेल्या काडीसारखे वर येते. आवरण सुटले, की पीस उलगडते. उघड्या जागी असे कोंब दिसले, तर तेथील मुळे जिवंत आहेत असे समजावे. पिसाचा दांडा शाबूत असून कडांचे दोरे कुरतडलेले दिसले, तर ते चावल्याचे लक्षण होय. पंखांतील लांब पिसांची टोके मात्र एका सरळ रेषेत चौकोनी कापलेली दिसली, तर तेथे चोच नव्हे, कात्री चालली आहे.

येथे एक गोष्ट अनेकांना उलटी वाटते. समूळ उपटलेल्या पिसाच्या जागी, मूळ निरोगी असेल तर, काही आठवड्यांतच नवे पीस येऊ लागते. परंतु कापलेले पीस तसेच राहते. पूर्ण वाढलेल्या पिसाचा दांडा आपल्या नखाच्या टोकासारखा निर्जीव असतो. तो गळून पडल्याशिवाय त्या जागी दुसरे पीस उगवत नाही. म्हणून कापलेल्या पंखांच्या पोपटाला उडण्यासाठी पुढच्या झडीपर्यंत, म्हणजे कधी कधी वर्षभरही, थांबावे लागते. त्यापूर्वी त्याला बागेत सोडणे म्हणजे मांजराच्या व कावळ्यांच्या स्वाधीन करणे होय.

तिसरा प्रश्न चोचीचा. चोच म्हणजे आत हाड आणि वर शिंगासारख्या द्रव्याचे कवच. हे कवच सतत वाढते आणि लाकूड, फळे व कठीण कवची कुरतडताना सतत झिजते. बाजूने पाहिल्यास निरोगी पोपटाची वरची चोच आकड्यासारखी वळून खालच्या चोचीच्या किंचित पुढे संपते. टोक गळ्याकडे लांबत गेले असेल, तर वाढ आणि झीज ह्यांचा मेळ बिघडला आहे. समोरून पाहिल्यास कपाळापासून टोकापर्यंतची मध्यरेषा सरळ असावी. ती एका बाजूस गेली असेल, तर वरची व खालची चोच कात्रीच्या पात्यांप्रमाणे एकमेकींना ओलांडतात. पण डोके कलते असतानाही तोच भास होतो. म्हणून दोन्ही डोळे एका पातळीत आहेत काय, हे आधी पाहावे. आणखी एक : दक्षिण भारतातील, म्हणजे आपल्या कोकणातीलही, कंठीच्या पोपटाची वरची चोच लाल व खालची काळी असते. तो काळेपणा रोगाचा नव्हे.

आता उदाहरणादाखल एक चित्र वाचू. समजा, रत्नागिरीतील एका पडवीतल्या पिंजऱ्याचे चित्र आपल्याकडे आले. पहिले चित्र खालून, अगदी जवळून आणि दिव्याच्या उजेडात घेतलेले असल्याने त्यात पोपट पिवळा व अजस्र चोचीचा दिसतो. ते बाजूला ठेवून आपण सकाळच्या उजेडातील दुसरे मागवितो. कागद पांढरा दिसतो आणि पोपट हिरवा. म्हणजे रंगाची शंका मिटली. गळ्याला काळी-गुलाबी कंठी स्पष्ट आहे. म्हणजे हा वयात आलेला नर आहे. डोके व गाल भरलेले आहेत. छातीपासून मांड्यांपर्यंतची पिसे नाहीत. तेथे करडी लव आणि मधून मधून चार-पाच पांढुरके कोंब दिसतात. दोन्ही पंखांची लांब पिसे एका रेषेत कापलेली आहेत. शेपटीची टोके झिजून झाडूसारखी झाली आहेत. चोचीची मध्यरेषा सरळ आहे. पण वरचे टोक गळ्याकडे लांबले आहे.

ह्यावरून काय ठरले? डोके शाबूत आहे आणि पिंजऱ्यात दुसरा पक्षी नाही. म्हणून पोपट स्वतःच पिसे उपटत असावा. कोंब आहेत, म्हणून मुळे मेलेली नाहीत. पंख माणसाने कापले आहेत. म्हणून हा पक्षी आज सोडण्यासारखा नाही. शेपूट गजांवर घासते; म्हणजे पिंजरा अपुरा आहे. चोचीचे कारण मात्र चित्र सांगत नाही. कुरतडायला लाकूड नसल्यानेही ती लांबते आणि शेंगदाण्यासारख्या तेलकट दाण्यांवरच वर्षानुवर्षे पोसलेल्या पक्ष्याचे यकृत बिघडल्यानेही लांबते. तसेच पिसे उपटण्यामागे एकलकोंडेपणा असेल, कातडीचा दाह असेल किंवा पोटातील विकार असेल. हा निवाडा प्राणिवैद्याने पक्षी तपासूनच करावयाचा. चोच घरी कापणे तर सर्वथा वर्ज्य. तिच्या आतील भागात रक्तवाहिन्या असतात.

ह्याच पोपटाचे डोकेही उघडे असते आणि नवी पिसे आखूड, गदेसारखी जाड, मुळाशी चिमटलेली व आवरणातच अडकलेली दिसती, तर आपला निष्कर्ष बदलला असता. विषाणूमुळे होणाऱ्या चोच-पीस रोगाची ती लक्षणे आहेत. हा विषाणू पिसांच्या धुळीतून व विष्ठेतून पसरतो, म्हणून अशा पक्ष्याला तत्काळ इतरांपासून वेगळे ठेवून रक्ताची व पिसाची तपासणी करवितात. मॉरिशस बेटावरील एको पोपट हा आपल्या कंठीच्या पोपटाचा जवळचा नातलग. 1980 च्या दशकात त्याची संख्या विसाच्याही आत आली होती. मोठ्या कष्टाने ती वाढविली जात असता 2005 च्या सुमारास ह्याच रोगाची साथ त्याच्यात पसरली. एक संशयित पक्षी रानात सोडणे किती महागात पडू शकते, हे ह्यावरून कळेल. शिवाय रोगाच्या आरंभी पिसे चांगलीही दिसू शकतात. तेव्हा सुंदर चित्र म्हणजे निरोगीपणाचा दाखला नव्हे.

म्हणून असा पक्षी आढळल्यास स्वतः ठेवू नये व सोडूही नये. महाराष्ट्र वन विभागाला 1926 ह्या क्रमांकावर कळवावे आणि दिवसाच्या उजेडातील चार चित्रे तयार ठेवावीत. उपचार सुरू झाल्यावर चार आठवड्यांनी तेवढ्याच अंतरावरून पुन्हा चित्र घ्यावे. कोंबांची पिसे झाली असतील, तर उपटणे थांबले; पुन्हा तेथे लवच दिसली, तर ते चालू आहे. चित्र पिसे कोठे गेली आणि कशी गेली, एवढे सांगते. का गेली, हे पक्षी हाती घेऊन तपासणाराच सांगू शकतो.

स्वाध्याय

1. पोपटाच्या डोक्यावरील पिसांची स्थिती आधी का पाहावी? तिला असलेला अपवाद सांगा.
2. उपटलेले पीस लवकर येते, पण कापलेले येत नाही. कारण लिहा.
3. पुढील चित्रांवरून कोणता तर्क कराल? (अ) छाती भरलेली, डोके उघडे, पिंजऱ्यात दोन पोपट. (आ) चोच वाकडी, पण एक डोळा दुसऱ्याहून वर.
4. पाठातील उदाहरणात चित्रावरून न ठरलेल्या दोन गोष्टी कोणत्या?