टोस्ट सँडविचचा हिशेब : तव्यावरील बटर मोजावे कसे?

प्रथिने, कर्बोदके आणि स्निग्ध पदार्थ या आहारातील तीन मुख्य घटकांना अलीकडे ‘मॅक्रो’ असे संबोधले जाते. एका टोस्ट सँडविचमध्ये हे घटक किती असतात, हा प्रश्न वरकरणी सोपा वाटतो. पाव, चटणी आणि उकडलेला बटाटा हे तीन जिन्नस सरळ तराजूवर ठेवता येतात. चौथा जिन्नस म्हणजे बटर. ते तव्यावर वितळते, काही पावात मुरते आणि काही तव्यालाच राहते. आमच्या मते या हिशेबाचा खरा अभ्यास तेथेच आहे.

आधी सोप्या जिनसा घेऊ. पावाच्या वेष्टनावरील आकडे १०० ग्रॅमचे असतात. म्हणून आपल्या हातातील दोन कापांचे वजन करणे आवश्यक ठरते. पुड्याच्या वजनाला कापांच्या संख्येने भागून चालत नाही, कारण टोकाचे काप आणि मधले काप सारखे नसतात. आपले दोन काप ५४ ग्रॅम भरले आणि वेष्टनावर दर १०० ग्रॅमला ८ ग्रॅम प्रथिने, ५० ग्रॅम कर्बोदके व २ ग्रॅम स्निग्ध पदार्थ लिहिले आहेत, असे धरू. तर या दोन कापांत अनुक्रमे ४.३, २७ आणि १.१ ग्रॅम येतात. हे वजन कच्च्या कापांचेच घ्यावे. भाजलेल्या कापातील पाणी उडालेले असते. त्याला वेष्टनावरील आकडे लावले तर उत्तर कमी येते.

चटणी हिरवी दिसते म्हणून तिला शून्य धरण्याची पद्धत आहे. कोथिंबीर, मिरची आणि पाणी यांपुरते ते फारसे चुकीचे नाही. परंतु त्यात शेंगदाणे वाटले असतील तर चुकते. ३०० ग्रॅम चटणीत १०० ग्रॅम शेंगदाणे असतील तर १५ ग्रॅम चटणीत ५ ग्रॅम शेंगदाणे आले. त्यांतून सुमारे १.३ ग्रॅम प्रथिने, ०.८ ग्रॅम कर्बोदके आणि २.५ ग्रॅम स्निग्ध पदार्थ मिळतात. म्हणजे दोन्ही कापांतील स्निग्धांशाच्या दुपटीहून अधिक. फोडणी न दिलेल्या ६० ग्रॅम उकडलेल्या बटाट्यातून सुमारे ११ ग्रॅम कर्बोदके आणि १ ग्रॅम प्रथिने येतात, स्निग्धांश नगण्य.

आता बटर. भाजण्यापूर्वी आणि भाजल्यानंतर सँडविचचे वजन करून फरक काढावा, असे पुष्कळांना सुचते. आपले सँडविच कच्चे असताना १२९ ग्रॅम होते. भाजल्यावर ते १२८ ग्रॅम भरले, तर बटर आत गेलेच नाही काय? गेले आहे, फक्त तेवढ्याच वेळात पावातील आणि बटाट्यातील पाणी वाफ होऊन निघून गेले. दोन विरुद्ध बदल एकाच काट्यावर आल्यामुळे तो काटा येथे निरुपयोगी ठरतो.

म्हणून वजन सँडविचचे नव्हे, बटरचे करावे. घरगुती तराजू एका ग्रॅमपर्यंतच दाखवितो, त्यामुळे एकाच सँडविचवर हा प्रयोग करू नये. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात दहा सहज भाजली जातात. बटरची वाटी ब्रशसह आधी तोलावी आणि दहा सँडविचे झाल्यावर पुन्हा तोलावी. फरक १२० ग्रॅम आला असे समजू. तव्यावरील जळके कण खरवडून टाकावेत आणि उरलेली चरबी आधी तोललेल्या कोरड्या फडक्याने पुसावी. जितक्या वेळा तवा पुसला जाईल तितक्या वेळा तेच फडके वापरावे. त्याचे वजन २० ग्रॅमने वाढले.

येथे एक बारीक मुद्दा आहे. १२० मधून २० वजा करून उरलेल्या १०० ग्रॅमला बटर समजू नये. बटरमध्ये सुमारे ८० टक्के स्निग्धांश असतो. उरलेले बहुतांशी पाणी. ते पाणी तापलेल्या तव्यावर उडून जाते, म्हणून फडक्यावर आलेले २० ग्रॅम जवळजवळ शुद्ध चरबीच असते. तेव्हा आधी १२० चे ८० टक्के, म्हणजे ९६ काढावेत. त्यातून २० वजा करावेत. ७६ उरले, एका सँडविचमागे ७.६ ग्रॅम.

सर्व बेरीज केली असता एका सँडविचमध्ये सुमारे ६.६ ग्रॅम प्रथिने, ३८.८ ग्रॅम कर्बोदके आणि ११.२ ग्रॅम स्निग्ध पदार्थ येतात. प्रथिने व कर्बोदके यांना दर ग्रॅमला ४ आणि स्निग्ध पदार्थांना ९ किलोकॅलरी धरल्यास एकूण ऊर्जा २८० च्या थोडी वर जाते. तव्यावरील बटर वगळून हिशेब केला असता तर ती सुमारे २१४ दिसली असती आणि स्निग्धांशाचा दोनतृतीयांशाहून मोठा भाग कागदावर आलाच नसता. प्रथिनांचा आकडा मात्र बटरने हालत नाही. तो वाढवावयाचा असेल तर बटाट्याच्या जागी ६० ग्रॅम पनीर किंवा उकडलेले अंडे घालून याच रीतीने हिशेब पुन्हा मांडावा. तव्यावरील बटरचे माप तेच राहील.