पलंगापासून बाथरूमपर्यंत

आज मी फक्त एका वाटेबद्दल बोलणार आहे. रात्री लघवीला उठल्यावर आपण पलंगापासून बाथरूमपर्यंत जातो ती वाट. पायाखालची असल्यामुळेच तिथे आपण गाफील असतो.

जाग आली की ताडकन उभे राहू नका. आडवा माणूस एकदम उठला की रक्तदाब क्षणभर उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर जास्तच. पाय खाली सोडून मिनिटभर पलंगाच्या कडेला बसा, पावलं वर-खाली हलवा, मगच उठा.

छताजवळच्या झिरोच्या बल्बवर विसंबू नका. त्याच्या मिणमिणत्या उजेडात आपलीच सावली पुढे पडते आणि बाथरूमचा उंबरा नेमका तिच्यात लपतो. दिवा गुडघ्याच्या खाली हवा. प्लगमध्ये बसणारा छोटा पिवळसर एलईडी एक पलंगाजवळ लावा, एक बाथरूमच्या दाराशी. उंबऱ्याच्या कडेला फरशीहून वेगळ्या रंगाची पट्टी चिकटवा.

आता पायातलं. चप्पल पालथी करून बघा. टाचेखालच्या रेघा पुसल्या असतील तर ती ओल्या फरशीवर सरकणारच, ती आजच टाका. नवी घेताना रबरी तळाची आणि टाचेमागे पट्टा असलेली घ्या. नुसत्या अंगठ्यात अडकवलेली स्लिपर चालताना निसटते. मोजे घालून फरशीवर चालणं तर नकोच.

बाथरूमबद्दल मात्र जरा सविस्तर सांगते. आमच्या शेजारच्या आजी कमोडवरून उठताना रोज टॉवेलच्या दांडीला धरायच्या. एके दिवशी दांडी स्क्रूसकट हातात आली आणि त्या कुशीवर पडल्या. खुबा मोडला, ऑपरेशन झालं. ती दांडी टॉवेलापुरती असते, माणसाचं वजन तिला पेलत नाही. त्यासाठी स्टीलचा वेगळा ग्रॅब बार मिळतो. तो जमिनीपासून साधारण 33 ते 36 इंचांवर, कमोडच्या शेजारच्या भिंतीत बसवतात. टाइल्सच्या मागे पक्की वीट किंवा काँक्रीट लागेपर्यंत ड्रिल करून अँकर बोल्टने आवळायला सांगा. बसवून झाला की तिथेच एखाद्या धडधाकट माणसाला जोर लावून ओढायला लावा. किंचितही हलला तर पुन्हा बसवून घ्या. रबरी वाटीने भिंतीला चिकटणारे बार स्वस्त असतात, पण वाटीत हळूहळू हवा शिरली की ते अचानक सुटतात. ते घेऊ नका.

आंघोळ रबरी पायांच्या स्टुलावर बसून करा. साबणाचं पाणी वायपरने ओढून टाका. आतून कडी लावू नका, दार नुसतं लोटून घ्या. बाहेरच्याला आत येता आलं पाहिजे.

आणि कधी पडलातच, तर मुलांपासून लपवू नका. लागलं नसलं तरी डॉक्टरांना सांगा. पुष्कळदा गोळीचा डोस बदलला की चक्कर थांबते.