परदेशी क्लायंटची कंपनी खरी आहे, पण समोरचा माणूस त्या कंपनीचा आहे का?

समजा, सिडकोत घरून कॅड ड्रॉइंग करणाऱ्या एका फ्रीलान्सरला मेल आला: आम्ही मँचेस्टरची इंजिनिअरिंग कंपनी, चाळीस ड्रॉइंग हवीत, पैसे काम झाल्यावर. वेबसाइट झकास, सहीखाली कंपनी नंबरसुद्धा.

ब्रिटनच्या बाबतीत आपलं नशीब चांगलं आहे. तिथल्या कंपन्यांची सरकारी नोंदवही, म्हणजे कंपनीज हाउस, कुणालाही फुकट बघता येते. पत्ता find-and-update.company-information.service.gov.uk असा आहे. तिथे नाव न टाकता नंबरच टाका, कारण सारख्या नावाच्या कंपन्या ढीगभर असतात. मग Active आहे की Dissolved, स्थापना कधीची, संचालक कोण, हे बघा. Filing history जरूर उघडा. दरवर्षीचे हिशेब भरलेले असतील तर कंपनी चालू असण्याची शक्यता बरी. Accounts overdue दिसलं तर पैसे थकवणारं गिऱ्हाईक असू शकतं.

आपल्या या मेलमधली कंपनी तिथे सापडली. २००९ची, हिशेब वेळेवर भरलेले. इथेच बहुतेक जण खूश होऊन कामाला लागतात. थांबा! नोंदवही सांगते की कंपनी आहे. मेल तिनेच पाठवलाय, हे ती सांगत नाही. फसवणारा मुद्दाम जुनी, चांगली कंपनी निवडतो, कारण तिचा नंबर आणि संचालकाचं नाव त्यालाही तिथेच फुकट मिळतं.

म्हणून आता मेलमध्ये @ च्या पुढचं नाव बघा. ते .com असेल तर lookup.icann.org वर टाका आणि Created ची तारीख वाचा. समजा, ती तीन आठवड्यांपूर्वीची निघाली. २००९च्या कंपनीचं डोमेन तीन आठवड्यांचं कसं? कधी कधी कंपनी खरंच नवं डोमेन घेते, म्हणून एवढ्यावरून लगेच चोर ठरवू नका. पण आता खात्री केल्याशिवाय एक रेषही ओढायची नाही.

खात्री अशी करायची: मेलमधला फोन नंबर वापरायचा नाही. कंपनीची जुनी वेबसाइट स्वतः शोधा, तिथला नंबर घ्या आणि आपल्या दुपारी अडीचनंतर फोन लावा; तेव्हा त्यांचं ऑफिस उघडलेलं असतं. "या नावाचे गृहस्थ तुमच्याकडे आहेत का, ड्रॉइंगचं काम बाहेर द्यायचं आहे का?" एवढंच विचारा. इंग्रजी अडखळत असेल तर दोन ओळी लिहून समोर ठेवा. खऱ्या कंपनीला याचा राग येत नाही. उलट आपल्या नावाने कुणी मेल पाठवतंय हे त्यांनाही कळतं.

अमेरिकेत इतकं सोपं नाही. तिथे नोंदणी राज्यागणिक वेगळी. डेलावेअरच्या मोफत शोधात स्थापनेची तारीख आणि रजिस्टर्ड एजंट दिसतो, संचालक दिसत नाहीत. तिथे तुमचा भर फोनवर आणि आगाऊ रकमेवर हवा. आगाऊ रक्कम आली की पाठवणाऱ्याचं नाव वाचा. करार एका कंपनीशी आणि पैसे तिसऱ्याच देशातल्या अनोळखी माणसाच्या खात्यातून आले, तर काम बाजूला ठेवून आधी लेखी खुलासा मागा. "चुकून जास्त पाठवले, उरलेले परत करा" असं म्हणाला, तर एक रुपयाही पाठवू नका. थेट आपल्या बँकेत जा.